चार किलोच्या दाबाला सहा किलोचा पाइप का फुटतो

«टाकी ४० मीटर वर आहे, म्हणजे दाब चार किलो. सहा किलोचा पीव्हीसी पाइप घातला की व्हॉल्व्ह कसाही बंद करा, काही होत नाही. फारच भीती वाटत असेल तर पाच सेकंद घेऊन बंद करा आणि एक एअर व्हॉल्व्ह बसवा. तरीही फुटला तर पाइपच निकृष्ट.»

गोव्यात सत्तरी-फोंड्याकडच्या कुळागरवाल्यांमध्ये, म्हणजे पोफळीच्या बागा राखणाऱ्यांमध्ये, हा सल्ला सर्रास फिरतो. त्यातले पहिले वाक्य पाणी थांबलेले असेपर्यंतच खरे आहे. डोंगरावरच्या टाकीतून ९०० मीटर लांबीची ११० मिलिमीटरची लाइन पोफळीच्या तुषारांपर्यंत आणली आहे आणि पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहते आहे, असे धरू. घर्षणात सुमारे १७ मीटर दाब खर्ची पडतो, म्हणून खालच्या व्हॉल्व्हपाशी चालू लाइनमध्ये २३ मीटर उरतात. व्हॉल्व्ह झटकन मिटला की त्याला लागून असलेले पाणी थबकते, मागचे त्यावर येऊन दाबले जाते आणि ही दाबाची लाट टाकीच्या दिशेने धावत सुटते. निकोलाय जुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये दाखवल्याप्रमाणे, या लाटेच्या वेगाला पाण्याच्या वेगात झालेल्या घटीने गुणून ९.८१ने भागले की वाढलेला दाब मीटरमध्ये मिळतो. सहा किलोच्या पीव्हीसीत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर असतो, म्हणून वाढ ४६ मीटर होते. २३ आणि ४६ मिळून ६९, म्हणजे जवळजवळ सात किलो. आणि लाट वर सरकत असताना व्हॉल्व्हपाशी दाब आणखी थोडा चढतच राहतो. पाइप सहा किलोचा आहे. अशा लाइनमध्ये व्हॉल्व्हजवळचा पाइप लांबीच्या दिशेने चिरतो किंवा सॉकेटचा जोड सुटतो, तेव्हा पाइप विकणाऱ्याला दोष देण्याआधी हा हिशोब करून पाहायला हवा. साध्या दाबमापकावर हे दिसत नाही, कारण काटा क्षणभर उडून परत येतो. सर्वोच्च दाबावर अडकून राहणारा दुसरा काटा असलेला मापकच साक्ष देतो.

पाच सेकंदांचा उपाय येथे निरुपयोगी आहे. लाटेला टाकीपर्यंत जाऊन परतायला १८०० मीटरचे अंतर कापावे लागते, म्हणजे सहा सेकंद लागतात, आणि त्याआधी व्हॉल्व्ह पूर्ण मिटला तर धक्का पूर्ण बसतो, मग तो एका सेकंदात मिटलेला असो वा पाच सेकंदांत. त्याहून फसवी गोष्ट अशी की लांब लाइनमध्ये चाकाचा व्हॉल्व्ह बराच फिरवला तरी प्रवाह फारसा कमी होत नाही. खरी घट शेवटच्या पाचव्या हिश्शात होते. म्हणून अर्धा मिनिट घेऊन फिरवलेला व्हॉल्व्हही प्रत्यक्षात सहा सेकंदांतच बंद झालेला असू शकतो. पाव फेरीत मिटणारा बॉल व्हॉल्व्ह तर अशा लाइनच्या टोकाला बसवूच नये. तो शेवटचा हिस्साच ३० सेकंद घेऊन सावकाश मिटवला, तर दाबाची वाढ साधारण नऊ-दहा मीटरवर येते आणि स्थिर दाबाचे ४० मीटर धरूनही एकूण ५०च्या आत राहते. शेवटच्या फेऱ्या थांबत-थांबत फिरवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

एअर व्हॉल्व्ह बिनकामाचा नाही, पण त्याचे काम वेगळे आहे. टाकीकडून परतलेली लाट व्हॉल्व्हपाशी दाब वातावरणाच्याही खाली खेचते. तेव्हा पातळ पाइप चेपू शकतो आणि सैल जोडातून गढूळ पाणी आत ओढले जाते. लाइनच्या उंचवट्यावरचा एअर व्हॉल्व्ह ही पोकळी हवेने भरतो. चढलेला दाब मात्र तो उतरवत नाही, आणि आत आलेली हवा फार वेगाने बाहेर सोडली तर दोन बाजूंचे पाणी एकमेकांवर आदळून नवा धक्का देते.

चढत्या दाबासाठी रिलीफ व्हॉल्व्ह लागतो. तो बंद होणाऱ्या व्हॉल्व्हच्या टाकीकडच्या बाजूला, त्याला अगदी खेटून बसवावा. तो स्थिर दाबापेक्षा थोड्या जास्त, उदाहरणार्थ ४५ मीटर दाबाला उघडेल असा लावावा आणि त्याचे पाणी पाटात सोडावे. तो वर्षानुवर्षे हलला नाही तर गंजून अडकतो, म्हणून मधूनमधून उघडून पाहावा लागतो.

दहा किलोचा पाइप घातला तर ही लाइन तगेल, हे मान्य आहे. मात्र जाड भिंत कमी ताणली जाते, लाट अधिक वेगाने धावते आणि धक्का ४६ वरून ५८ मीटरच्या आसपास जातो. पाइपने तो सोसला तरी जोड आणि व्हॉल्व्ह यांना तो रोज सोसावा लागतो, आणि पीव्हीसी वारंवारच्या धक्क्यांनी थकते.

कुळागरात तुषारांचे दोन-तीन भाग असतात, आणि तिथे एक साधी शिस्त पुरेशी आहे: पुढच्या भागाचा व्हॉल्व्ह आधी उघडावा, मग चालू भागाचा मिटवावा. मुख्य लाइनमधले पाणी वाहतेच राहते, आणि सगळा प्रवाह अडवण्याची वेळ शेवटच्या भागालाच येते.