घटना अहवाल कसा लिहावा : होतकरू सेक्रेटरींसाठी थोडं हितगुज

तुमच्या सोसायटीत नुकतंच कोणी पडलं आहे का? जिन्यात, लिफ्टमध्ये, पार्किंगच्या उतारावर, कुठेही चालेल. असेल तर अभिनंदन. आता तुम्हाला लेटरहेड काढून, 'सदर', 'उपरोक्त' आणि 'तद्नंतर' हे तीन शब्द हाताशी घेऊन घटना अहवाल लिहायला मिळणार. अशी संधी रोज येत नाही. ती वाया जाऊ नये म्हणून आमच्या आईच्या सोसायटीतल्या एका आदर्श अहवालावरून शिकलेले धडे इथे देते आहे.

आधी तो आदर्श बघून घ्या. मूळ मजकुरात नावं-नंबर सगळं होतं, मी तेवढं गाळते आहे. "दि. ९ रोजी सायंकाळी श्रीमती (पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट), वय ७४, फ्लॅट क्र. ३०२, मोबाईल क्र. (दहाही आकडे बिनचूक), या लिफ्टमधून बाहेर पडताना तोल जाऊन पडल्या. त्यांच्या उजव्या मनगटास फ्रॅक्चर झाले आहे. सदर महिलेस मधुमेह व रक्तदाब असून त्या रात्री झोपेची गोळी घेतात. पती हयात नाहीत. त्या एकट्या राहतात. मुलगी औंधला असते व रविवारी येते." सोबत जोडपत्र अ, सीसीटीव्हीची क्लिप. जोडपत्र ब, आधार कार्डाची झेरॉक्स. रवाना सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे फ्लॅट ९६ आणि मेंबर २११ आहेत.

ती रविवारी येणारी मुलगी मी.

तर पहिला धडा. माहिती कुठून मिळवायची? मदत करताना. आमचे सेक्रेटरी त्या संध्याकाळी स्वतःची गाडी काढून आईला हॉस्पिटलात घेऊन गेले, आणि ते त्यांनी मनापासून केलं, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. ॲडमिशनचा फॉर्म भरताना ते शेजारी उभे होते. कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं नर्सने विचारलं, आईने सांगितलं, आणि यांनी ऐकलं. डॉक्टरांसाठी सांगितलेली गोष्ट कानावर पडली की ती आपली झाली, हे तत्त्व पक्कं धरा. ती कोणाला आणि कशासाठी सांगितली होती, असले प्रश्न कॉन्व्हेंटात शिकलेल्यांना पडतात.

आधारची झेरॉक्स जोडायला कधीच विसरू नका, कारण बारा आकडे वाचल्याशिवाय लिफ्ट दुरुस्त होत नाही.

क्लिप पूर्ण टाका. लिफ्टच्या दारात कामवाल्या मावशींची शाळकरी मुलगी उभी दिसत असेल तर तीही राहू द्या, तिने कुठे हरकत घेतली आहे?

वॉचमनचं नाव, गाव आणि ठेकेदार जरूर लिहा. लिफ्टची देखभाल करणाऱ्या कंपनीचं नाव मात्र चुकूनही लिहू नका. आमच्या अहवालात ती कंपनी "संबंधित एजन्सी" आहे, समितीचे पदाधिकारी "प्राधिकृत व्यक्ती" आहेत, आणि लिफ्टला नंबरसुद्धा नाही, ती नुसती "लिफ्ट" आहे. विंगमध्ये लिफ्ट दोन. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, तेव्हा तो एवढ्या तत्परतेने लिफ्टलाही लागू होईल असं त्यांना वाटलं नसणार.

आता मुख्य कलाकुसर. अहवालात काय लिहायचं नाही? आई पडली ती तोल जाऊन नाही. लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या लादीपासून साडेसात सेंटीमीटर खाली थांबली होती. शेजारच्या कॉलेजकुमाराने कंपासपेटीतली पट्टी लावून मोजलं आणि फोटो काढला, देव त्याला चांगले मार्क देवो. दार उघडलं, आईने नेहमीसारखं पाऊल टाकलं, चपलेचं टोक लादीच्या कडेला अडकलं. बस. आता हे साडेसात सेंटीमीटर अहवालात आहेत का? नाहीत. लिफ्ट वर जात होती की खाली येत होती? नाही. आत किती माणसं होती, किती वाजले होते, वीज गेली-आली होती का, शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली? नाही, नाही, नाही. अहो, एकट्या माणसाला घेऊन वर जाणारी लिफ्ट मजल्याच्या आधीच थांबली, एवढं कळलं तर मेकॅनिक आधी लेव्हलचा सेन्सर सरकलाय का बघेल. भरलेली लिफ्ट खाली येताना पुढे घसरली असती तर तो ब्रेकच्या लायनरकडे वळला असता. लिफ्टला आत किती माणसं आहेत ते जाणवतं. कोण आहे, विधवा आहे की सधवा, रात्री कोणती गोळी घेते, हे लिफ्टला कळत नाही! आणि गोळी रात्रीची, घटना संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांची. चोवीस तासांपूर्वीची नाही, पण वीस तासांपूर्वीची तरी गोळी आईला संध्याकाळी पाडते, आणि साडेसात सेंटीमीटर पाडत नाहीत!

वॉचमनच्या केबिनमध्ये तक्रारवही असते. त्यात अकरा दिवस आधी, निळ्या पेनाने, "बी विंग, डावी लिफ्ट, लेव्हलला थांबत नाही" अशी नोंद आहे. समोर सही नाही. तो कागद जोडपत्र क व्हायला हवा होता. आधार कार्ड झालं.

मग माझ्या लक्षात आलं की हा गबाळेपणा नाही. रक्तदाब, गोळी, वय, एकटेपणा, प्रत्येक शब्द आपापल्या कामावर हजर आहे. वाचणाऱ्याने म्हणावं, "अरेरे, या वयात असं होणारच." आईची माहिती जितकी जास्त, लिफ्टची तितकी कमी.

माफ करा, मी सल्ला देत होते. पुढचा धडा, नाव गाळण्याचा. मी फोनवर आरडाओरडा केल्यावर ग्रुपवर सुधारित मजकूर आला : "बी विंगमधील तिसऱ्या मजल्यावरील ७४ वर्षीय निवृत्त संस्कृत शिक्षिका." वा! तिसऱ्या मजल्यावर चार दारं. त्यातल्या एकात संस्कृत शिकवलेलं माणूस राहतं. विंग, मजला, वय आणि पेशा, यांतलं एकेक सुटं असेल तर कोणाचंही असू शकतं. चारही एकत्र आले की नाव लिहिण्याची शाई तेवढी वाचते.

आता तो फोन. अहवाल ग्रुपवर पडल्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला आईला फोन आला. बाई गोड बोलत होत्या. "आजी, तुमच्या अपघाताचा क्लेम मंजूर झालाय, वय ७४ ना? उजव्या मनगटाला फ्रॅक्चर ना? एक ओटीपी येईल तो सांगा." आईने विचारलं, "कोणतं मनगट म्हणालात?" "उजवं, आजी." आईने फोन ठेवला. कारण आईचं मोडलंय ते डावं मनगट. हॉस्पिटलच्या कागदावर डावं आहे, एक्स-रेवर डावं आहे, प्लास्टर डाव्याला आहे. जगात फक्त एका कागदावर उजवं लिहिलेलं आहे आणि तो तुम्ही दोनशे अकरा जणांना पाठवलात. त्यात सोडून गेलेले भाडेकरू आहेत, दोन एजंट आहेत, एक दूधवाला आहे. पुढे तो कुठे कुठे गेला, ते विचारायला आता कोणाकडे जायचं?

तुमच्या चुकीने आई वाचली. तुम्ही नीट लिहिलं असतं तर तिने ओटीपी सांगितला असता.

हे मी सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ताई, पारदर्शकता नको का?"

पारदर्शकता? तर ऐका, आता उपरोध बाजूला ठेवते. अहवालाच्या दोन प्रती काढायच्या असतात. एक दप्तरातली, कुलपातली, विम्याला आणि गरज पडली तर पोलिसांना दाखवायची. तिच्यात नाव येईल, फ्लॅट येईल, फोन येईल, इजा कोणत्या हाताला झाली ते डॉक्टरांच्या कागदावरून उतरवून येईल, साक्षीदारांची नावं येतील, आणि क्लिपही तिथेच राहील. भोवळ आल्याने माणूस पडलं असं डॉक्टर म्हणाले असतील तर तेही तिथेच, आणि डॉक्टरांनी म्हटलं असेल तरच. आधार मागितलंच कोणी तर पहिले आठ आकडे झाकलेलं द्यायचं, त्याची सोय आधारच्या साइटवर आहे. दुसरी प्रत सगळ्यांसाठी. "दि. ९, सायं. ६.१०, बी विंग, डावी लिफ्ट, वर जाताना तिसऱ्या मजल्यावर लादीपासून ७.५ सेंमी खाली थांबली. आत एक व्यक्ती. बाहेर पडताना पाय अडकून पडल्याने रहिवासी क्र. १ यांच्या हाताला इजा. याच लिफ्टबद्दल ११ दिवसांपूर्वी तक्रार नोंदलेली होती. लिफ्ट बंद ठेवली आहे." झालं. रहिवासी क्र. १ कोण, ते दप्तरातल्या वहीत. प्रत्येक शब्दाला विचारायचं, हा काढला तर लिफ्ट दुरुस्त करायला काही अडेल का? 'वर जाताना' काढलं तर अडेल. 'पती हयात नाहीत' काढलं तर काय अडतं? माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, तुमच्या लिफ्टशी त्यांचा काय संबंध? एका बाईचं दुखणं, वैधव्य आणि एकटेपण चव्हाट्यावर मांडून तुम्ही देखभालीचं एक बिल वाचवलंत. लाज वाटायला हवी होती. हॉस्पिटलात नेलंत म्हणून गप्प बसेन असं वाटलं असेल तर तेही चुकलंच.

काल तिसरी आवृत्ती आली, पीडीएफ. नाव, फ्लॅट, फोन, सगळ्यावर जाड काळ्या पट्ट्या, गुप्तहेर खात्याच्या कागदासारख्या. मी त्या ओळींवर बोट दाबून मजकूर सिलेक्ट केला, कॉपी केला आणि आईला पाठवायच्या मेसेजमध्ये पेस्ट केला. पट्टीखालचं सगळं आलं. नाव, ३०२, दहा आकडे, झोपेची गोळी.

उजवं मनगटही तसंच आहे. साडेसात सेंटीमीटर अजून आलेले नाहीत. आई जिन्याने चढते, उजव्या हाताने कठडा धरून.