काकूंना हप्त्याची आठवण कशी करून द्यावी

एजंट मंडळी, नूतनीकरणाचं पत्र लिहिताना पहिलं पथ्य हे, की 'देय तारीख 5 मार्च, वार्षिक हप्ता 24,000 रुपये' असं वरच लिहून टाकू नका. इंदूरच्या रामबागेतल्या काकू मुकाट्यानं पैसे भरतील आणि तुमची प्रतिभा पेनातच राहील.

त्यांची पॉलिसी आहे 5 लाखांची, 20 वर्षांची, नफ्यात सहभाग असलेली एंडाउमेंट. नऊ हप्ते भरून झालेत. समजा, कंपनीनं गेल्या वर्षी हजारी 40 रुपये बोनस जाहीर केला. पाचशे गुणिले चाळीस, झाले वीस हजार! लिहा बेधडक: 'काकू, 24 हजार भरा, 20 हजार दरवर्षी हमखास परत. विमा पडला चार हजारांत!' हे वीस हजार हातात येत नाहीत, पॉलिसीच्या खाती जमा होऊन मुदतीअखेर किंवा मृत्यूनंतर मिळतात, आणि तोवर त्यांच्यावर व्याजही चढत नाही, असलं अशुभ बोलू नये. पुढच्या वर्षीचा दर कंपनीच्या मूल्यांकनानंतर ठरतो, हे तर मुळीच नको. 'हमखास' हा शब्द मात्र ठळक करा. वाटल्यास लाल.

मग भीती. 'आज भरलं नाहीत तर विमा बंद, नऊ वर्षांचे पैसे पाण्यात!' वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, म्हणजे 4 एप्रिलपर्यंत संरक्षण चालू राहतं, हे काकूंना कशाला कळायला हवं? त्यानंतरही नऊ हप्त्यांची पॉलिसी शून्य होत नाही. ती पेड-अप होते: विसातले नऊ, म्हणजे 5 लाखांचे सव्वादोन लाख, शिवाय आधी जमा झालेला बोनस. विमा निम्म्याहून कमी होतो, हे खरं नुकसान सांगितलं तरी काकू पुरेशा घाबरतील. पण खऱ्या भीतीत ती मजा नाही. पाच वर्षांच्या आत थकलेले हप्ते व्याजासकट भरून पॉलिसी पूर्ववत करता येते. कंपनी तब्येतीचा दाखला मागू शकते. हेही गाळा.

शेवटी ताजा कलम: 'या वेळी अर्धा हप्ता माझ्याकडून!' विमा कायद्याचं कलम 41 अशा सवलतीला मनाई करतं आणि दंड 10 लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण काकूंच्या घरचे पोहे खाऊन झाल्यावर कायदा कुणाला आठवतो?

काही अरसिक एजंट मात्र असं लिहितात: 'आपला 24,000 रुपयांचा हप्ता 5 मार्चला देय आहे. सवलतीची मुदत 4 एप्रिल. त्यानंतर विमा रक्कम कमी होईल. आजवर जाहीर झालेला बोनस सोबतच्या कंपनीच्या विवरणपत्रात आहे. पुढील बोनसची हमी नाही. पैसे कंपनीच्या नावेच भरावेत व पावती घ्यावी.' वर, पॉलिसी चालू ठेवा असा आग्रह असलेला मजकूर जाहिरातीत मोडतो म्हणून कंपनीची लेखी मंजुरी आधी घेतात. काकू पत्र वाचतात, मुलाला फोन करतात आणि संध्याकाळी हप्ता भरून टाकतात. लाल शाईचा खर्चसुद्धा नाही!