वडिलांची सदनिका, कर माझा: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “लेख वाचला. अर्धवट ज्ञानावर लोकांना कराचे हिशेब शिकवणे थांबवा. वारसाला सदनिका ज्या वर्षी मिळाली त्या वर्षापासूनच महागाई निर्देशांक लागतो. कलम ४८ मध्ये ‘करदात्याने प्रथम धारण केल्याचे वर्ष’ असे स्पष्ट लिहिले आहे, तुम्ही मात्र थेट २००४ गाठले. रंगकाम हा सुधारणा खर्च नव्हे. आणि वडिलांच्या वहीतल्या नोंदी कोणता अधिकारी मान्य करणार? अशा लेखांच्या भरवशावर एखादा फसला तर जबाबदारी कोणाची?”

महोदय,

वडिलांकडून वारशाने आलेली सदनिका विकल्यावर नफ्यावरील कराचा हिशेब मी मूळ लेखात मांडला होता, आणि त्यात वडिलांनी दिलेली किंमत त्यांच्या खरेदीच्या वर्षापासून, म्हणजे २००४ पासून, महागाई निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून विक्रीच्या रकमेतून वजा केली होती. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. पहिल्या वाचनात राग आला. दुसऱ्या वाचनात लक्षात आले की आपल्या सात वाक्यांपैकी तीन माझ्या लेखाविषयी किंवा माझ्याविषयी आहेत आणि चारच कराविषयी. ‘हा आकडा मला पटत नाही, आधार सांगा’ असे आपण लिहिले असते, तर याच उत्तराला मी आनंदाने सुरुवात केली असती. बँकेत एकतीस वर्षे कर्जविभागात काढल्यावर माणसाला कागद वाचता येतो, एवढे श्रेय अनोळखी वाचकानेही द्यायला हरकत नसावी.

प्रथम जे आपले बरोबर आहे ते मान्य करतो. २०१८-१९ मध्ये मी केलेल्या ३,०४,००० रुपयांच्या कामात रंगाचे २४,००० रुपये होते आणि ते मी सुधारणेत धरले होते. नुसते रंगकाम ही देखभाल आहे, तिने सदनिकेत नवे काही येत नाही, म्हणून ती रक्कम वगळली पाहिजे. निर्देशांकाने वाढवल्यावर ते ३१,११४ रुपये होतात आणि त्यामुळे कर ६,२२३ रुपयांनी वाढतो. चूक माझी आहे, आणि डिसेंबरअखेरच्या मुदतीच्या आत मी सुधारित विवरणपत्र भरून फरक व्याजासह भरणार आहे.

आता निर्देशांकाच्या वर्षाकडे येतो. आपण १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ४८ च्या स्पष्टीकरणातील शब्द अचूक उचलले आहेत, यात शंका नाही. परंतु कायद्यातील एक ओळ वेगळी काढून वाचणे म्हणजे करारनाम्याचे एकच पान वाचून घर घेणे होय. वारशाने आलेल्या मालमत्तेसाठी कलम ४९(१) सांगते की पूर्वीच्या मालकाने ज्या किमतीला ती घेतली तीच वारसाची किंमत, आणि तिच्यात पूर्वीच्या मालकाने तसेच वारसाने केलेला सुधारणा खर्च मिळवायचा. पूर्वीचा मालक म्हणजे ज्याने ती वारसा किंवा बक्षीस याखेरीज अन्य मार्गाने, म्हणजे साधारणपणे पैसे देऊन, घेतली तो. सदनिका आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आपल्याकडे आली असेल तर हिशेब आजोबांच्या करारनाम्यापर्यंत मागे जातो. त्याचप्रमाणे कलम २(४२अ) चे पहिले स्पष्टीकरण म्हणते की धारणकाळ मोजताना पूर्वीच्या मालकाचा काळही धरायचा.

हे दोन नियम एकत्र ठेवून आपल्याला एक प्रश्न विचारतो. समजा, एखाद्याचे वडील ऑक्टोबर २०२३ मध्ये वारले आणि त्याने डिसेंबर २०२४ मध्ये सदनिका विकली. त्याच्या हातात ती केवळ चौदा महिने होती, दीर्घकालीन ठरण्यासाठी चोवीस महिने लागतात. तरीही नफा दीर्घकालीन धरला जातो, कारण वडिलांची वर्षे त्याच्या वर्षांत मिळवली जातात. हे आपणही नाकारणार नाही. मग नफा दीर्घकालीन ठरवताना वडिलांची वर्षे मुलाची आणि त्याच नफ्यातून किंमत वजा करताना मात्र ती वर्षे परकी, असा हिशेब कायद्याने करावा असे आपले म्हणणे आहे का?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून निघालेला नाही. आयकर खात्याने नेमकी आपलीच भूमिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात अपील केले होते. त्या प्रकरणात मुलीने १९९३ मध्ये घेतलेली सदनिका फेब्रुवारी २००३ मध्ये आईला बक्षीस दिली आणि आईने ती त्याच वर्षी विकली. खात्याचे म्हणणे असे की आईने सदनिका धारण केली २००३ मध्ये, म्हणून निर्देशांकही तेव्हाचा. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ते फेटाळले आणि म्हटले की आईने ती मुलीच्या खरेदीपासूनच धारण केली असे मानूनच निर्देशांक लावायचा. ते प्रकरण बक्षिसाचे होते आणि माझे वारशाचे आहे, हा आक्षेप आपण घेण्यापूर्वीच सांगतो की कलम ४९(१) मध्ये दोन्ही मार्ग शेजारीशेजारी बसलेले आहेत. महाराष्ट्र आणि गोव्यातील अधिकाऱ्यावर तो निर्णय बंधनकारक आहे.

आणि हे मी पुस्तकातून शिकलो नाही, त्याची किंमत मोजून शिकलो. २०१२ साली माझ्या पत्नीने तिच्या आईकडून आलेली सदनिका विकली. त्या वेळी आमच्या सल्लागारांनी आपल्यासारख्याच ठाम स्वरात सासूबाईंच्या मृत्यूचे वर्ष धरले आणि आम्ही निमूटपणे कर भरला. निकालाची माहिती मला नंतर एका सहकाऱ्याकडून कळली. सुधारित विवरणपत्र भरले आणि चौदा महिन्यांनी परतावा हातात आला. त्या सल्लागारांनाही मी अर्धवट ज्ञानाचा वाटलो होतो.

आता माझा हिशेब आपल्यासमोर ठेवतो, म्हणजे वाद शब्दांचा न राहता रुपयांचा होईल. वडिलांनी डोंबिवलीची सदनिका जून २००४ मध्ये ८,००,००० रुपयांना घेतली आणि मुद्रांक शुल्क व नोंदणी मिळून ३२,००० भरले. म्हणजे किंमत ८,३२,०००. त्यांनी २००९-१० मध्ये स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघराची लादी आणि वॉटरप्रूफिंग यांवर २,२२,००० खर्च केले. ते २०१६ मध्ये वारले. मी २०१८-१९ मध्ये वायरिंग, खिडक्या आणि फरशी बदलली. रंग वगळता तो खर्च २,८०,०००. डिसेंबर २०२४ मध्ये ५५,००,००० रुपयांना विक्री झाली आणि ५५,००० दलाली गेली, म्हणजे हाती ५४,४५,००० आले.

निर्देशांक २००४-०५ चा ११३ आणि विक्रीच्या वर्षाचा ३६३, म्हणून ८,३२,००० चे २६,७२,७०८ होतात. सुधारणा खर्चाला मात्र तो खर्च झाला त्या वर्षाचा निर्देशांक लागतो, घर घेतल्याच्या वर्षाचा नव्हे. येथे अनेकजण चुकतात. वडिलांच्या खर्चासाठी तो १४८ आहे, त्याचे ५,४४,५०० होतात. माझ्या खर्चासाठी २८०, त्याचे ३,६३,०००. एकूण ३५,८०,२०८ वजा जाऊन नफा १८,६४,७९२ उरतो आणि २० टक्क्यांनी कर ३,७२,९५८ येतो. (उपकर निराळा, तो मी कोठेच धरलेला नाही.)

आपल्या पद्धतीने २०१६-१७ चा निर्देशांक २६४ धरला तर ८,३२,००० चे केवळ ११,४४,००० होतात आणि कर ६,७८,७०० येतो. परंतु महोदय, तो कोणीच भरणार नाही, आणि ही गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही. २३ जुलै २०२४ पासून दर निर्देशांकासह वीस टक्क्यांऐवजी निर्देशांकाशिवाय साडेबारा टक्के झाला, आणि त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला जुन्या व नव्या पद्धतींतला जो कर कमी तोच द्यावा लागतो. निर्देशांकाशिवाय माझी एकूण किंमत १३,३४,०००, नफा ४१,११,००० आणि कर ५,१३,८७५. म्हणजे आपण बरोबर असता तर मी ५,१३,८७५ भरले असते. आपण चूक आहात म्हणून ३,७२,९५८. तुमच्या-माझ्या वादाची खरी किंमत १,४०,९१७ रुपये आहे, आणि ती सोडून देण्याइतका मी उदार नाही.

येथे एक बाब मुद्दाम नमूद करतो, कारण ती माझ्या मूळ लेखात राहून गेली होती आणि आपणही ती दाखवली नाहीत. निर्देशांकाचा लाभ आता केवळ कराच्या रकमेपुरता आहे. विवरणपत्रात नफा ४१,११,००० असाच दिसतो आणि त्यावरचा जास्तीचा कर सोडून दिला जातो. निर्देशांक लावून तोटा दिसत असला तरी तो तोटा पुढे नेता येत नाही.

वहीविषयी आपण जे लिहिले त्यावर मी फारसे लिहिणार नाही. वडिलांच्या २,२२,००० पैकी १,४८,००० ची बिले आणि धनादेशांच्या पासबुकातील नोंदी माझ्याकडे आहेत. उरलेले ७४,००० मिस्त्रीला रोख दिलेले असून ते तारखांसह त्यांच्या वहीत आहेत. माझे वडील दूधवाल्याचा हिशेबही शाईने लिहीत. अशा माणसाच्या वहीला ‘कोण मान्य करणार’ असे म्हणताना आपण थोडे थांबायला हवे होते. अधिकाऱ्याने ती नाकारलीच, तर १,८१,५०० रुपये कमी वजा होतील आणि मला ३६,३०० रुपये अधिक भरावे लागतील. मग मी ते भरीन. मिस्त्री हयात नाही, म्हणून त्याचे पत्र मिळणे नाही. सोसायटीने २००९ मध्ये कामाची परवानगी दिली होती. तिची आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी खालच्या मजल्याने केलेल्या तक्रारीची प्रत मी सचिवांकडे मागितली आहे. हा अर्ज मी आपली प्रतिक्रिया येण्याच्या आदल्या आठवड्यात दिला होता, हे येथे नोंदवून ठेवतो.

मूळ लेखात ३,६६,७३५ हा कर दाखवला होता, तो आज ३,७२,९५८ असा दुरुस्त केला आहे.