जाहिरातच चुकली होती

"अर्ज ढिगाने येतात, मग कामाचा माणूस का मिळत नाही?"

तुर्भ्याच्या आमच्या गोदामात स्टॉक सांभाळायला घेतलेला पदवीधर दोन महिन्यांत सोडून गेला, तेव्हा मी नाकारलेले अर्ज पुन्हा काढले. त्यात एक बारावी पास बाई होत्या, वाशीच्या मार्केटमध्ये ९ वर्षं रोजचा माल मोजून टॅलीत चढवणाऱ्या. हेच तर आमचं काम! मग जाहिरात वाचली. 'पदवी आणि सॅप सॉफ्टवेअरचा ३ वर्षांचा अनुभव आवश्यक' ही ओळ मीच जुन्या जाहिरातीतून उचलली होती. रोजची मोजणी, पहाटे ५ ची पाळी यांचा उल्लेखच नव्हता. सॅपच्या दोनच स्क्रीन लागतात, आठवडाभरात त्या शिकवता येतात. बाईंना फोन करून माफी मागितली, पण त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या. नवी जाहिरात मी गोदामातल्या माणसांजवळ बसून, त्यांचा दिवस विचारत लिहिली.