अर्धी मुदत संपली म्हणून होमलोन बिनव्याजी होत नाही

"होमलोन असलेल्यांनी नक्की वाचा! बँक आपलं सगळं व्याज पहिल्या अर्ध्या मुदतीतच वसूल करते. नंतरच्या हप्त्यांत फक्त मुद्दल असतं, म्हणजे कर्ज जवळजवळ बिनव्याजी झालेलं असतं. म्हणून अर्धी मुदत संपल्यावर प्रीपेमेंट करू नका, पैसे एफडीत टाका. आणि लोन दुसऱ्या बँकेत नेलंत तर व्याज पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं!"

हा मेसेज माझ्या मामेभावाने वाचला आणि प्रीपेमेंटसाठी बाजूला काढलेले तीन लाख एफडीत टाकायला निघाला. दादा शिकलेला आहे, हिशोबाला पक्का आहे, तरी हे त्याला पटलं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी सगळ्यात घातक वाक्य घेऊ, "जवळजवळ बिनव्याजी". हप्त्यातलं व्याज ठरतं कसं? महिन्याच्या सुरुवातीला जेवढं मुद्दल बाकी आहे तेवढ्यावर एका महिन्याचं व्याज, बस. हप्त्यातून हे व्याज वजा केल्यावर जे उरतं ते मुद्दलात जातं, पुढच्या महिन्यात बाकी तेवढी कमी, म्हणून व्याज थोडं कमी, म्हणून मुद्दलाचा वाटा थोडा जास्त. बँकेला वेगळं काही "आधी वसूल" करावंच लागत नाही, सुरुवातीला बाकी जास्त म्हणून व्याज जास्त, एवढीच गोष्ट आहे.

३० लाखांचं कर्ज, ९ टक्के दर, २० वर्षं धरा. हप्ता येतो २६,९९२ रुपये. पहिल्या महिन्याचं व्याज ३० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे २२,५००, आणि मुद्दलात जातात फक्त ४,४९२. हे बघून कुणालाही धक्का बसतो आणि तिथूनच असले मेसेज जन्माला येतात. आता बरोबर दहा वर्षं झाली, १२० हप्ते भरले. बाकी किती? २१ लाख ३१ हजार. १२१व्या हप्त्यात व्याज आहे १५,९८१ आणि मुद्दल ११,०११. अर्धी मुदत संपली तरी हप्त्यात व्याजच जास्त आहे! आणि पुढच्या दहा वर्षांत अजून ११ लाखांच्या वर व्याज जायचंय. हे बिनव्याजी असेल तर व्याजी कशाला म्हणायचं ते सांगा.

ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याने स्प्रेडशीटमध्ये हे टाकून बघा, १५,९८१ येईल:

```
=IPMT(9%/12,121,240,-3000000)
```

पार शेवटाकडे गेलात तरी दर ९ टक्केच असतो. २००व्या हप्त्यात व्याज ७,१२२ म्हणजे हप्त्याच्या साधारण २६ टक्के, आणि लोकांना वाटतं कर्ज स्वस्त झालं. अहो, तेव्हा बाकी साडेनऊ लाखच राहिलेली असते, आणि साडेनऊ लाखांवर वर्षाला ९ टक्के काढून बाराने भागलं की ७,१२२ च्याच आसपास येतात. हप्त्यातला व्याजाचा वाटा आणि व्याजाचा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मेसेजवाल्याने त्या सरळ एक करून टाकल्यात.

मग मुद्दल व्याजाच्या पुढे कधी जातं? आपल्या उदाहरणात १४९व्या हप्त्याला, म्हणजे साडेबारा वर्षांच्या आसपास. गंमत अशी की हे अर्ध्या मुदतीवर ठरतच नाही, ९ टक्के दराला शेवटचे ९२ हप्ते राहिले की मुद्दल पुढे जातं, कर्ज १५ वर्षांचं असो नाहीतर ३०. आणि कर्जच सात वर्षांचं असेल तर पहिल्या हप्त्यापासून मुद्दल जास्त. त्यामुळे "बँक अर्ध्या मुदतीत व्याज काढून घेते" असा नियम कुठून आणला ते त्यालाच ठाऊक.

आता प्रीपेमेंट. दादाची केस जवळपास हीच आहे. १२० हप्त्यांनंतर तीन लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला तर १२० ऐवजी साधारण ९५ हप्त्यांत कर्ज संपतं, आणि व्याज वाचतं सुमारे ३.७ लाख. एफडीत ९ टक्के मिळत असतील तर खुशाल टाका, पण तेवढे मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यावर स्लॅबप्रमाणे टॅक्स. अडीअडचणीला हाताशी पैसे ठेवायचेत म्हणून एफडी केली तर तो वेगळा विचार आहे, त्याला माझी ना नाही. पण "कर्ज बिनव्याजी झालंय" म्हणून करू नका.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. हेच तीन लाख पहिलं वर्ष संपताना भरले असते तर साधारण साडेदहा लाख वाचले असते. म्हणजे लवकर भरलेलं जास्त वाचवतं हे खरंय, पण ते पैसे जास्त वर्षं काम करतात म्हणून. दर दोन्हीकडे तोच, ९ टक्के.

दुसऱ्या बँकेत लोन नेण्याबद्दल थोडक्यात. उरलेली बाकी उरलेल्या दहा वर्षांसाठीच नेली आणि दर तोच राहिला तर हप्ता तोच आणि त्यातली वाटणीही तीच. पुन्हा २० वर्षं मुदत घेतलीत तर व्याजाचा वाटा परत ८३ टक्क्यांवर जातो, पण तो मुदत वाढवल्यामुळे. मुदत वाढवू नका, झालं.

खरं भ्यायचं असेल तर ज्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही त्याला भ्या, दर वाढल्यावर गुपचूप वाढणारी मुदत. आपल्याच उदाहरणात सुरुवातीलाच दर ९ चा १० झाला आणि हप्ता तोच राहिला तर व्याज २५,००० होतं, मुद्दलात दोन हजारही जात नाहीत आणि २० वर्षांचं कर्ज २६ वर्षांवर जातं. दर १०.८ च्या पुढे गेला तर अख्खा हप्ता व्याजालाच पुरत नाही आणि बाकी वाढायला लागते. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात नेमकं यावर बोट ठेवलंय. मुदत वाढवताना बाकी अशी फुगत जाता कामा नये, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत हे ग्राहकाला निवडू द्यायचं, आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं ज्यात आतापर्यंत वसूल झालेलं मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असेल. हे स्टेटमेंट उघडून "उरलेले हप्ते" मागच्या वेळेपेक्षा तीनच कमी झालेत का बघा. कमी व्हायच्या ऐवजी वाढले असतील तर काय झालंय ते कळलंच.

दादाला मी एवढंच सांगितलंय की प्रीपेमेंटच्या फॉर्मवर "हप्ता तोच, मुदत कमी" असं स्पष्ट लिही. हप्ता कमी करून घेतलास तर तो २३,१९२ होईल, दर महिन्याला ३,८०० हातात राहतील, पण व्याज ३.७ ऐवजी साधारण दीड लाखच वाचेल. आणि पैसे भरल्यावर पुढच्या हप्त्यातलं व्याज तपास, १५,९८१ चं १३,७३१ व्हायला पाहिजे. तसं दिसलं नाही तर रक्कम मुद्दलात वळती झालेली नाही, लगेच शाखेत जाऊन विचार.