करंट रेशो 2 असला म्हणजे बिल मिळेलच असे नाही

"मामा, हे खरे आहे का? 'उधारीवर माल देण्यापूर्वी दोनच आकडे पाहा. करंट रेशो 2 किंवा जास्त आणि क्विक रेशो 1 च्या वर असेल तर पैसे बुडूच शकत नाहीत. करंट रेशो 1 च्या खाली गेला की कंपनी संपली.' त्या पार्टीचे दोन्ही आकडे बसतात. माल सोडू का?"

हा निरोप महिनाभरात चौथ्यांदा माझ्यापर्यंत आला आहे. आधीच्या तीन वेळा मी दुर्लक्ष केले. पण या वेळी प्रश्न रबाळे एमआयडीसीत लेथवर सुटे भाग करून देणाऱ्या माझ्या भाच्याचा आहे आणि माल आठ लाखांचा आहे.

त्याने पाठवलेला त्या ग्राहक कंपनीचा ताळेबंद 31 मार्चचा आहे. रोख व बँकेतील शिल्लक 10 लाख, ग्राहकांकडून येणी 130 लाख, मालसाठा 100 लाख, म्हणजे चालू मालमत्ता 240 लाख. चालू देणी 120 लाख: पुरवठादारांचे 60, बँकेच्या कॅश क्रेडिटचे, म्हणजे मालसाठा आणि येण्यांवर मिळणाऱ्या फिरत्या कर्जाचे 45, पगार, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी वगैरे 15. 240 ला 120 ने भागले की करंट रेशो बरोबर 2. मालसाठा वगळून उरलेल्या 140 लाखांना 120 ने भागले की क्विक रेशो 1.17 येतो. परीक्षा उत्तम गुणांनी उत्तीर्ण!

आता त्याच ताळेबंदाच्या टिपा उघडाव्यात. कंपनी कायदा, 2013 च्या अनुसूची 3 मध्ये मार्च 2021 मध्ये दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून कंपन्यांना येण्यांचे वयानुसार विवरण देणे बंधनकारक झाले. देय तारखेपासून सहा महिन्यांच्या आतील, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांहून जुनी येणी वेगवेगळ्या रकान्यांत दाखवावी लागतात आणि वादग्रस्त येणी निराळी मांडावी लागतात. या कंपनीच्या 130 लाखांपैकी 55 लाख एक वर्षाहून जुने आहेत आणि त्यातील बरेचसे वादात आहेत. व्यवस्थापनाने ते बुडतील असे धरून तरतूद केली नाही, म्हणून ते चालू मालमत्तेत ताठ मानेने बसले आहेत. क्विक रेशो मालसाठा गाळतो, पण जुनी येणी गाळत नाही. भागाकारात कालचे बिल आणि दोन वर्षांपूर्वीचे बिल सारखेच मोजले जाते. ते 55 लाख बाजूला काढले की क्विक रेशो 0.71 उरतो. कॅश क्रेडिट देणाऱ्या बँका साधारणपणे 90 दिवसांपेक्षा जुनी येणी उचल ठरवताना धरतच नाहीत. बँक ज्या येण्यांवर पैसे देत नाही, त्यांच्या भरवशावर भाच्याने माल का सोडावा?

दुसरा प्रश्न तारखांचा. पुरवठादारांचे 60 आणि पगार-करांचे 15 असे 75 लाख पुढील साठ दिवसांत द्यायचे आहेत. याच काळात, आजवरच्या वसुलीचा वेग पाहता, चांगल्या येण्यांतून फार तर 40 लाख येतील. शिल्लक धरून 50. नव्या विक्रीचे पैसे त्यानंतर येतील आणि कॅश क्रेडिटची मर्यादा आधीच पूर्ण वापरलेली आहे. तूट 25 लाखांची, आणि ती कोणाच्या बिलावर ढकलली जाते हे रबाळ्यातल्या कोणत्याही लहान कारखानदाराला विचारावे. हीच कॅश क्रेडिट मर्यादा मोठी असून तिचा पुरेसा भाग मोकळा असता तर तूट सहज भरून निघाली असती आणि तरीही रेशोत काहीच दिसले नसते, कारण न उचललेली मर्यादा ताळेबंदाच्या आकड्यांत येत नाही.

शिवाय आकडा एका दिवसाचा असतो. चालू मालमत्ता 150 आणि देणी 100 असतील तर रेशो 1.5, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात 50 ची देणी रोखीने फेडली की 100 भागिले 50, म्हणजे 2. कंपनी एका रुपयानेही श्रीमंत झालेली नसते.

1 च्या खालचा रेशो म्हणजे मृत्यू, हे तर धडधडीत चूक आहे. रोखीने विकणारे आणि पुरवठादारांना महिन्याने पैसे देणारे मोठे किराणा दुकान वर्षानुवर्षे 1 च्या खाली राहूनही वेळेवर बिले भागवू शकते. एवढे मात्र मान्य करावे लागेल की उधारीवर विकणाऱ्या कारखान्याचा रेशो तीन-चार वर्षे सलग घसरत असेल तर तो इशाराच असतो; निरोपात तेवढा अंश खरा आहे.

भाच्याला मी त्याच टिपांतील पुढचे पान पाहायला सांगितले. तेथे कंपनीच्या पुरवठादारांची देणीही वयानुसार मांडलेली असतात आणि सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे स्वतंत्र ओळीत असतात. या कंपनीच्या त्या ओळीत देय तारीख उलटून एक वर्षाहून अधिक काळ थकलेले 9 लाख आहेत. भाच्याने निम्मी रक्कम आगाऊ मागितली आहे. माल अजून रबाळ्यातच आहे.