‘लाय’ आणि ‘छ्यू’: बाण नव्हे, उभं राहण्याची जागा

चिनी क्रियापदांना जोडून येणाऱ्या ‘लाय’ म्हणजे येणे आणि ‘छ्यू’ म्हणजे जाणे या शब्दांवरच्या माझ्या लेखावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “तुम्ही बाण काढून सांगितलंत की ‘लाय’ म्हणजे बोलणाऱ्याकडे आणि ‘छ्यू’ म्हणजे बोलणाऱ्यापासून लांब. मग माझ्या बाई स्वतःच्या घरून निघताना मला फोनवर ‘वो माशांग क्वोलाय’, मी लगेच येते, असं का म्हणतात? ‘हसू लागला’ला ‘श्याव छीलाय’ म्हणतात, त्यात कोण कुठे हलतंय? येणं-जाणं मराठीत आहेच. तुमच्या चित्रांनी गोंधळ वाढला, त्यापेक्षा जोड्या पाठ केलेल्या बऱ्या.”

नमस्कार. फोनचं उदाहरण तुम्ही बरोबर पकडलंत. माझा नियम तोकडा होता आणि मूळ लेखातलं ते वाक्य मी बदलते आहे. पण चित्र सोडून द्यावं, हे मात्र मला पटत नाही. माझ्या चित्रात बाण होता, पण बघणारा कुठे उभा आहे ते मी दाखवलंच नव्हतं.

चिनी भाषेतली ही जोडणी मी नानजिंगला वसतिगृहात एका सदऱ्यामुळे शिकले. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून वाळत घातलेला सदरा खाली पडला. खाली वसतिगृहाच्या आयी उभ्या होत्या. (‘आयी’ म्हणजे मावशी, तिथे त्यांना सगळे असंच हाक मारतात.) मी वरून ओरडले, “छनशान द्याव ल!” मराठीत ‘सदरा पडला’ म्हटलं की झालं, म्हणून मला वाक्य पूर्ण वाटलं. त्यांनी विचारलं, कुठे हरवला? नुसत्या ‘द्याव ल’चा अर्थ गळून पडला असा होतो, तसा हरवला असाही होतो. मग त्यांना झुडपावर सदरा दिसला आणि त्या म्हणाल्या, “द्याव श्यालाय ल!” तो खाली, त्यांच्याकडे आला होता. तेच मी वरून सांगायचं तर “द्याव श्याछ्यू ल”, माझ्यापासून खाली गेला. सदरा एकच आणि पडणंही एकच, तरी शेवटचा शब्द वेगळा, कारण बघणाऱ्या दोघी वेगळ्या ठिकाणी होत्या.

या तीन तुकड्यांचं काम एकेक करून बघा. ‘द्याव’ हालचाल कशी झाली ते सांगतं: पडून. ‘श्या’ वाट सांगतं: खाली. ‘लाय’ किंवा ‘छ्यू’ सांगतं की हे सगळं आपण कुठे उभं राहून बघतोय. वाट सांगणारे नेहमीचे शब्द सात: शांग (वर), श्या (खाली), जिन (आत), छू (बाहेर), ह्वेइ (परत), क्वो (ओलांडून), छी (उठून). शेवटचा सोडून सगळ्यांना ‘लाय’ आणि ‘छ्यू’ दोन्ही लागतात. प्रमाण चिनीत ‘छी’ला फक्त ‘लाय’ लागतं.

आता तुमचा फोन. आयी म्हणाल्या, “वो गेइ नी सोंग शांगछ्यू”, म्हणजे मी तुला वर नेऊन देते. त्या खाली होत्या, म्हणून ‘छ्यू’. मी म्हटलं, “बू योंग, वो श्यालाय ना.” नको, मी खाली येऊन घेते. मी वर असूनही ‘लाय’ म्हटलं आणि ते चाललं, कारण मी त्यांच्याशी बोलत होते आणि मनाने त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले होते. तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीकडे वळून हेच सांगितलं असतं तर “वो श्याछ्यू ना” म्हणाले असते. तुमच्या बाई ‘क्वोलाय’ म्हणतात तेव्हा त्या फोनच्या तुमच्या टोकाला उभ्या असतात. ‘क्वोछ्यू’ म्हणाल्या असत्या तरी चुकलं नसतं. दोन्ही कानावर पडतात. आपल्याकडे स्वयंपाकघरातून हाक आली की आपण “आले, आले!” म्हणतो. चिनी माणूसही अशा वेळी “लाय ल!” म्हणतो.

इथपर्यंत मराठी सोबत करते आणि तुमचं म्हणणं खरं ठरतं. पण जिथे आपलं क्रियापद उभं राहण्याची जागा सांगत नाही, जसं ‘पडणे’, तिथे आपण ‘लाय’, ‘छ्यू’ गाळतो. उलट ‘आणणे’ आणि ‘नेणे’ यांच्या पोटातच ती जागा दडलेली असते. मग विद्यार्थी ‘आणणे’साठी वेगळं चिनी क्रियापद शोधत बसतात. तिथे ‘ना’ किंवा ‘दाय’ हे एकच क्रियापद घ्यायचं: नालाय म्हणजे आण, नाछ्यू म्हणजे ने.

आणखी एक चूक मला वह्यांमध्ये सतत दिसते: “शांगलाय लोउ”. माडीवर ये म्हणायचं तर “शांग लोउ लाय” हवं. ठिकाणाचं नाव वाट आणि ‘लाय’ यांच्या मधे बसतं. “ह्वेइ ज्या लाय”, घरी परत ये, हेही तसंच. यासाठी पाठांतर लागत नाही, कारण मराठी वाक्यातही ‘ये’ सगळ्यात शेवटीच येतो.

आता न हलणाऱ्या गोष्टी. शुद्ध हरपली तर ‘युन क्वोछ्यू’, शुद्धीवर आला तर ‘शिंग क्वोलाय’. ‘क्वो’ म्हणजे उंबरा ओलांडणं. आपण सगळे शुद्धीच्या बाजूला उभे आहोत, म्हणून जाणारा ‘छ्यू’ आणि परतणारा ‘लाय’. मराठीतही शुद्ध जाते आणि माणूस शुद्धीवर येतो.

काळाचं चित्र मला सगळ्यात आवडतं. चिनीत गेला महिना ‘शांग ग युए’, वरचा महिना, आणि पुढचा ‘श्या ग युए’, खालचा. काळ वरून खाली वाहतो आणि आपण मधे, ‘आज’च्या पायरीवर उभे असतो. म्हणून ‘ज्येनछ श्यालाय’ म्हणजे वरून आजपर्यंत टिकून राहिलो, आणि ‘ज्येनछ श्याछ्यू’ म्हणजे आजपासून खाली टिकून राहू. मराठीत आपण ‘दहा वर्षं करत आलोय’ आणि ‘असंच करत जा’ म्हणतो, तीच जोडी. मात्र ‘विसरून गेलो’, ‘संपून गेलं’ यांतल्या ‘गेलं’साठी ‘छ्यू’ वापरू नका. तो ‘जाणे’ क्रिया पुरी झाल्याचं सांगतो, जागेचं नाही, आणि तिथे चिनीत बऱ्याचदा ‘द्याव ल’मधलं नुसतं ‘ल’ पुरतं.

‘श्याव छीलाय’बद्दल तुमची शंका अर्धी मान्य. ‘छीलाय’ म्हणजे बसलेला उठतो, स्वस्थ असलेलं जागं होतं. हसू, पाऊस, गाणं सुरू होतं तेव्हा तो शब्द बसतो. चालू असलेलं थांबतं तेव्हा ‘थिंग श्यालाय’, खाली येऊन थांबतं. इथपर्यंत चित्र साथ देतं. पण ‘खान छीलाय’ आणि ‘खान शांगछ्यू’ दोन्हींचा अर्थ ‘दिसायला वाटतं’ असाच होतो, आणि तिथे कोण कुठे उभं आहे हे शोधण्यात वेळ घालवू नये. तसंच ‘श्यांग छीलाय’ म्हणजे विसरलेलं आठवणं आणि ‘श्यांग छूलाय’ म्हणजे नवीन सुचणं. यात मी चित्र वापरते ते एवढंच: पहिल्यात आत पडून असलेलं वर उठतं, दुसऱ्यात जे दिसत नव्हतं ते बाहेर येतं. नकारात फरक जास्त उठून दिसतो. मित्राचं नाव आठवत नसेल तर ‘श्यांग बू छीलाय’. कोड्याचं उत्तर सुचत नसेल तर ‘श्यांग बू छूलाय’. या दोन्हींची अदलाबदल झाली की समोरचा नाव सांगायच्या ऐवजी कोडं सोडवून द्यायला बसतो.